मीटर रोज पिवळ्यात का अडकतं? पीक फ्लोचा आकडा पटत नसेल तर काय तपासायचं

छातीच्या ओपीडीबाहेर एका टेबलाशी बसून मी दम्याच्या पेशंटना पंप आणि फुंकीतली हवा किती वेगाने सुटते हे मोजणारं पीक फ्लो मीटर वापरायला शिकवते. आठवड्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी वही पुढे करतं आणि म्हणतं, "मॅडम, हे मीटर खोटं बोलतंय." मीटर क्वचितच खोटं बोलतं. बहुतेक वेळा फुंक चुकलेली असते, नाहीतर ज्या आकड्यावरून तक्त्याचे हिरवा, पिवळा, लाल हे तीन रंग काढले तो आकडाच चुकलेला असतो. तो कसा शोधायचा, हे इथे ओळीने लिहिते. बिनखर्चाच्या गोष्टी आधी, डॉक्टरांकडे न्यायच्या गोष्टी शेवटी.

एक सांगून ठेवते. आत्ता धाप लागली असेल, बोलताना मध्येच श्वास घ्यावा लागत असेल, तर हे वाचत बसू नका. थेट शेवटच्या भागाकडे जा.

तक्रारी साधारण अशा असतात

- अंगात काहीच त्रास नाही, जिना चढता येतो, झोप लागते, तरी तक्ता रोज पिवळा.
- याच्या उलट, तक्ता हिरवागार आणि पहाटे चारला खोकल्याने जाग येते.
- एका बसणीत तीन फुंका मारल्या आणि आले ४५०, ३६०, ३०५. यातला खरा कुठला?
- नवीन मीटर आणलं त्या दिवसापासून आकडा एकदम खाली.
- सकाळी पिवळा, संध्याकाळी हिरवा, रोजच.

शेवटची तक्रार मीटरची नसते, ती दम्याचीच असते. तिच्याबद्दल पुढे लिहिलंय. बाकीच्या चारांसाठी हा क्रम.

पहिलं: काटा आणि बोटं

दर फुंकीआधी काटा अगदी तळाला आणलाय का? हसू नका. आधीच्या फुंकीचा ३४० तसाच राहतो, पुढची फुंक ३१० ची असते, काटा हलत नाही आणि वहीत परत ३४० लिहिलं जातं. तिन्ही फुंका हुबेहूब सारख्या आल्या की मला आधी हाच संशय येतो. माणसाची फुंक इतकी एकसारखी नसते.

दुसरं म्हणजे पकड. मीटर मुठीत धरलं की अंगठा नेमका खाचेवर येतो आणि काटा अंगठ्याला जाऊन थांबतो. मग रोज एकाच आकड्यावर अडकतो. मीटर आडवं, खालून बोटांच्या टोकांवर धरा, खाच मोकळी ठेवा. मागची हवा बाहेर पडायची भोकं तळव्याने झाकली जात नाहीत ना, तेही बघा.

दुसरं: फुंक

जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबते.

उभं राहा. उभं राहणं जमत नसेल तर ताठ बसा, पण मग रोज बसूनच. मान वर. हनुवटी छातीकडे झुकली की गळा आवळतो आणि आकडा पडतो. तोंड उघडून छाती काठोकाठ भरेपर्यंत श्वास आत घ्या. अर्ध्या श्वासावर मारलेली फुंक कितीही जोराची असली तरी कमीच येते. मग नळी दातांच्या मध्ये, ओठ भोवती घट्ट, जीभ खाली. छाती भरली की दोन सेकंदांच्या आत फुंक मारायची, श्वास कोंडून उभं राहायचं नाही.

फुंक छोटी आणि धाडकन. मेणबत्ती विझवतो तशी नाही, चूल पेटवायला फुंकणीतून मारतो तशी लांबलचकही नाही. हे मीटर एकूण हवा मोजत नाही, हवा सर्वात जास्त वेगाने सुटते तो एकच क्षण मोजतं. तो क्षण फुंकीच्या अगदी सुरुवातीला, सेकंदाच्या लहानशा भागात येऊन जातो. म्हणून पहिला झटका ढिला पडला तर नंतर छाती कितीही रिकामी केली तरी काटा पुढे सरकत नाही.

आता उलटी चूक. हिच्यामुळे आकडा खोटा मोठा येतो. काही जण "हूः" असं छातीतून न मारता "थू" करतात. जीभ टाळूला लावून तोंडात हवा दाबायची आणि एकदम सोडायची, जशी मुलं नळीतून कागदाची गोळी उडवतात. ती हवा गालांतून येते, फुप्फुसातून नाही. नळीत खोकलं तरी असंच होतं. काटा पन्नास-शंभरने वर उडतो आणि माणूस खूश होतो.

ओळखायचं कसं? आरशासमोर उभं राहा. फुंकीच्या आधी गाल फुगत असतील तर ती थू आहे. आवाजही ऐका. खऱ्या फुंकीचा आवाज पोटातून येतो, थुंकीचा दातांतून. मी तर सरळ पेशंटच्या दोन्ही गालांवर माझी बोटं टेकवते आणि म्हणते, आता मारा. गालाने मारणाऱ्याचा आकडा तिथेच खाली येतो.

तीन फुंका मारा, मध्ये जरा दम घ्या. वहीत तिघींतली सर्वात मोठी लिहायची, सरासरी नाही. पण लिहिण्याआधी वरच्या दोन फुंका एकमेकींच्या ४० च्या आत आहेत का बघा. ३७५ आणि ३८० असेल तर ३८० लिहा. ४५० आणि ३६० असेल तर ४५० वर विश्वास ठेवू नका, आणखी दोन मारा. मात्र पाच-सहाच्या पुढे जाऊ नका. जोराच्या फुंकांनीच श्वासनळ्या आवळतात, खोकला येतो आणि आकडे उतरत जातात. चक्कर आली तर तिथेच थांबायचं.

तिसरं: वेळ आणि पंप

दम्यात पहाटे श्वासनळ्या सर्वात अरुंद असतात आणि दुपारनंतर मोकळ्या होतात. सोमवारी सकाळी सातचा आकडा आणि मंगळवारी संध्याकाळी सहाचा आकडा शेजारी ठेवून घाबरण्यात अर्थ नाही. सकाळचा सकाळशी, संध्याकाळचा संध्याकाळशी ताडून बघा.

पंपाचंही तसंच. निळा आराम देणारा पंप घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आकडा चढतो. म्हणून पंपाआधी मोजलं की नंतर, हे वहीत एका अक्षराने लिहून ठेवा. सकाळचा आकडा नेहमी पंपाआधीचा असावा. एक बाई रोज पंप घेऊन, चहा पिऊन, मग मीटर घ्यायच्या. महिनाभर तक्ता हिरवा होता, आणि निळा पंप महिन्यात दोन लागले होते.

चौथं: मीटर

मीटर बदललं असेल तर आकडा बदलणारच. यामागे एक जुनी गोष्ट आहे. पहिलं पीक फ्लो मीटर बेसिल मार्टिन राइट यांनी १९५९ मध्ये मांडलं, आणि त्यांच्या मोजपट्टीवर जग कित्येक वर्षं चाललं. पुढे लक्षात आलं की ती पट्टी मधल्या भागात जास्त आकडा दाखवते. मग युरोपात नवी पट्टी आली, ब्रिटनमध्ये २००४ पासून तीच वापरात आहे. जुन्या पट्टीवरचे ४०० नव्या पट्टीवर साधारण ३४५ भरतात. दम्यात तसूभर फरक नाही आणि वहीत पन्नासाची घसरण! मीटरवर 'ईयू' किंवा २३७४७ हा क्रमांक छापलेला असेल तर पट्टी नवी. घरातलं जुनं मीटर कुठल्या पट्टीचं आहे हे बघा, आणि मीटर बदललं की जुना सर्वोत्तम आकडा त्याला लावू नका.

एकाच पट्टीच्या दोन मीटरांतही थोडा फरक असतो. म्हणून घरी एक, शाळेत दुसरं, दवाखान्यात तिसरं, असं करून मेळ बसत नाही. दवाखान्यात येताना आपलंच मीटर आणा.

काटा अडखळत असेल तर बहुधा आत थुंकी वाळलेली असते. सोबतच्या कागदावर धुवायला परवानगी असेल तर कोमट पाणी आणि थोडा साधा साबण, मग खळखळून धुवून, झटकून, पूर्ण वाळवून मग वापरा. ओल्या मीटरचा आकडा धरू नका. मीटर खाली पडून टवका उडाला असेल, स्प्रिंग ढिली झाली असेल, तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नवीन घ्या. आणि घरात दोघांना दमा असेल तरी तोंडाची नळी प्रत्येकाची वेगळी.

पाचवं: ज्याच्यावर सगळं उभं आहे तो आकडा

फुंक बरोबर, वेळ बरोबर, मीटर तेच, तरी रंग पटत नाही? मग पर्सनल बेस्ट तपासा.

तक्ता साधा असतो. तुमच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्के आणि वर ते हिरवं, ५० ते ८० च्या मधलं पिवळं, ५० च्या खाली लाल. टक्के कशाचे, हा कळीचा प्रश्न. पर्सनल बेस्ट म्हणजे दमा आटोक्यात असताना दोन ते तीन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ मोजून आलेला सर्वात मोठा, आणि परत परत गाठता येणारा आकडा. ही मोजणी रोजचा पंप नियमित चालू असताना करायची. शिबिरात एकदा फुंकून मिळालेला आकडा तो नव्हे. उंची-वयाच्या छापील तक्त्यातला आकडाही तो नव्हे. तो फक्त अंदाज असतो, स्वतःचा आकडा मिळेपर्यंत चालवून घ्यायचा. निरोगी माणसांतही एकाच उंचीच्या दोघांत शंभराचा फरक सहज असतो.

दोन उदाहरणं देते.

एक प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका, वय बेचाळीस. त्यांचा सर्वोत्तम आकडा एका शिबिरात ४५० लिहिला गेला. मीटरच्या बाजूच्या रंगीत खुणा त्यावरून लावल्या, म्हणजे हिरवं ३६० च्या वर आणि लाल २२५ च्या खाली. घरी रोज येत होते ३३० ते ३५०. तक्ता कायम पिवळा. पिवळ्याच्या रकान्यात लिहिलेलं होतं "निळा पंप घ्या", म्हणून बाई सकाळ-संध्याकाळ निळा पंप घेत होत्या. त्रास विचारला तर दम्याचा काहीच नाही. म्हणाल्या, "खडू धरला की हात थरथरतो, आणि छाती धडधडते." ही थरथर त्या पंपाची.

मी त्यांना माझ्यासमोर फुंकायला लावलं. पहिलीच फुंक ४४०, आणि गाल टम्म फुगलेले. गालांवर बोटं टेकवून परत मारायला सांगितलं तर ३४५, ३६०, ३५५. मग दोन आठवडे वही लिहून आणायला सांगितली. त्यांत सर्वात मोठा आकडा ३८० होता आणि तो चार वेगवेगळ्या दिवशी आला होता. डॉक्टरांनी स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी केली, ती ठीक निघाली, आणि मगच नवा आकडा ३८० ठरला. आता हिरवं ३०४ च्या वर, लाल १९० च्या खाली. रोजचे ३३०-३५० आपोआप हिरव्यात आले. फुप्फुसात काहीच बदललं नव्हतं, फक्त खुणा खाली सरकल्या.

यात स्पायरोमेट्रीची पायरी गाळू नका. रोज पिवळा येतो म्हणून स्वतःच खूण खाली सरकवणारे लोकही मी पाहिलेत. दमा खरोखरच बिघडत असेल तर अशाने खरी धोक्याची घंटा बंद होते. आकडा वर न्यायचा तर वहीवरून न्या, खाली आणायचा तर डॉक्टरांनीच आणावा.

दुसरं उदाहरण जास्त काळजीचं. बारा वर्षांचा मुलगा. आई म्हणाली, "तक्ता तर नेहमी हिरवा असतो, मग रात्री खोकतो का?" त्याचा सर्वोत्तम आकडा २२० होता, तो नवव्या वर्षी लिहिलेला. आता तो २३५ फुंकत होता, म्हणजे स्वतःच्या सर्वोत्तमाच्या १०७ टक्के! आकडा शंभराच्या वर रोजच जात असेल तर सर्वोत्तम आकडा जुना झालाय, एवढाच त्याचा अर्थ. तीन वर्षांत मुलगा वीतभर वाढला, फुप्फुसं वाढली, तक्ता मात्र नऊ वर्षांच्या मुलाचाच राहिला. डॉक्टरांनी रोजचा पंप नीट सुरू केला, तो स्पेसरने, म्हणजे पंपाला जोडायच्या नळकांड्यातून घ्यायला शिकवलं, आणि तीन आठवड्यांनी आकडा ३१० पर्यंत गेला. नव्या हिशेबाने हिरवं २४८ पासून. आईला हिरवे वाटणारे २३५ पिवळेच होते.

म्हणून वाढत्या मुलांचा आकडा दर सहा महिन्यांनी नव्याने काढा. उंची मोजतो तेव्हाच काढला की लक्षात राहतं.

सकाळ-संध्याकाळचा फरक

सगळं तपासून झालं आणि तरी सकाळी २९०, संध्याकाळी ३७० येतात, तर हिशेब करा. फरक ८०. दोन्हींची सरासरी ३३०. ८० भागिले ३३० म्हणजे साधारण २४ टक्के. असं एक-दोन आठवड्यांच्या रोजच्या टक्क्यांची सरासरी काढा. मोठ्यांत ती १० च्या वर आणि मुलांत १३ च्या वर असेल तर श्वासनळ्या जास्तच चंचल आहेत, म्हणजे दमा आटोक्यात नाही. संध्याकाळचा हिरवा बघून समाधान मानू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा. रोजचा पंप चुकतोय का, पंप घ्यायची पद्धत चुकतेय का, की औषध कमी पडतंय, हे त्यांना बघू द्या. दिवाळीत, किंवा शेजारी उसाचं पाचट जाळतात त्या आठवड्यात हा फरक वाढला, तर ते कारण वहीत तारखेसमोर लिहा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

इथे थांबायचं

मीटर आणि अंगातला त्रास यांत तफावत असेल तर जे जास्त वाईट सांगतंय त्याचं ऐका. हिरवा आकडा येऊनही धाप लागत असेल तर धाप खरी.

आकडा लालमध्ये गेला तर परत परत फुंकून खात्री करत बसू नका. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेप्रमाणे निळा पंप स्पेसरने घ्या आणि दवाखान्याची तयारी करा. पुढच्यांपैकी एक जरी दिसलं तर मोजणं सोडा आणि १०८ ला फोन करा: एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, माणूस गोंधळलेला किंवा झोपाळलेला, किंवा आधी येणारी छातीची शिट्टी थांबली पण धाप तशीच. शिट्टी थांबणं ही सुधारणा नसते, हवा जायचीच बंद झालेली असू शकते. ब्रिटिश मार्गदर्शिकेत ३३ टक्क्यांच्या खालचा आकडा जिवाला धोका असलेल्या झटक्यात धरतात. तोपर्यंत घरी थांबायचं नाही.

खोकल्यातून रक्त पडत असेल, छातीत अचानक एका बाजूला कळ आली असेल, डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर मीटर फुंकूच नका, आधी डॉक्टरांना विचारा.

घाईचं नाही पण डॉक्टरांशिवाय सुटणारही नाही, असंही काही असतं. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस निळा पंप लागतो. रात्री जाग येते. आठवडाभर शिकूनही वरच्या दोन फुंका ४० च्या आत येत नाहीत. वर्षानुवर्षं विडी ओढलेल्या आजोबांचा आकडा पंपानेही हलत नाही, तिथे दम्यापेक्षा वेगळा आजार असू शकतो आणि त्यात हे मीटर फारसं कामाचं नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना ही फुंक जमतच नाही, त्यांच्याकडून करून घेऊ नका.

आणि येताना मीटर, वही आणि दोन्ही पंप पिशवीत टाकून आणा. मोबाइलमधले वहीचे फोटो चालतात, मीटरचे चालत नाहीत. मला तुमची फुंक बघायची असते.